‘Administrative Processing’ : माझे 121 दिवस आणि एक नोंदवही

मंगळवार, 13 जून 2023 या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझी अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठीची मुलाखत झाली. मी पुण्याची. कार्बन फायबर आणि रेझिन यांच्यापासून बनणाऱ्या कॉम्पोझिट पदार्थांवर मी एम.टेक. केले होते आणि त्याच विषयात पीएच.डी. करण्यासाठी मला अमेरिकेतील एका विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला होता. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी पहिले दोन-तीन प्रश्न नेहमीचे विचारले आणि मग संशोधन नेमके कशावर आहे ते विचारले. मी पवनचक्कीच्या पात्यांविषयी बोलू लागले. त्या बराच वेळ टाइप करत राहिल्या, मग त्यांनी मला एक छापील कागद दिला आणि सौम्य शब्दांत सांगितले, की तुमच्या अर्जाला आणखी प्रशासकीय प्रक्रिया लागेल, या यादीतील माहिती ईमेलने पाठवा. कागदावर अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टचे कलम 221(जी) असा उल्लेख होता. पासपोर्ट त्यांनी परत दिला.

घरी पोहोचून संध्याकाळी ceac.state.gov हे पान उघडले, डीएस-160 अर्जाचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि आडनावाची पहिली पाच अक्षरे भरली, आणि समोर `Refused` असा शब्द आला. आई शेजारी उभी होती. “अगं, त्या बाई तर प्रक्रिया चालू आहे म्हणाल्या ना? मग हे नाकारलं असं का लिहिलंय?” तिचा हा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे पूर्ण उत्तर मला चार महिन्यांनी मिळाले. हे लेखन मुख्यतः त्या उत्तराविषयी आहे, कारण त्या स्क्रीनवरून जे कळते आणि जे कळत नाही, त्यांतला फरक मला वेळीच कळला असता तर मी काही चुकीचे निर्णय घेतले नसते.

त्या रात्री मी एका जुन्या नोंदवहीत चार रकाने आखले: तारीख, स्क्रीनवरील शब्द, `Case Last Updated` पुढची तारीख आणि त्या दिवशी माझ्याकडून किंवा विद्यापीठाकडून काही पाठवले गेले का. प्रयोगशाळेतील सवयीने मी ती वही शेवटपर्यंत न चुकता लिहिली. खाली ज्या तारखा देते आहे त्या सगळ्या तिच्यातल्या आहेत.

आधी त्या शब्दाविषयी. अमेरिकी कायद्याप्रमाणे मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग असतात, व्हिसा देणे किंवा नाकारणे. ‘निर्णय राखून ठेवला’ असा तिसरा मार्ग कायद्यात नाही. म्हणून कागद अपुरे असतील किंवा आणखी चौकशी हवी असेल, तर अधिकारी कलम 221(जी) खाली नकार नोंदवतात आणि ती माहिती आली की त्याच अर्जावर पुन्हा निर्णय देतात. कलम 214(बी) खालचा नकार वेगळा असतो. तिथे तुम्ही मायदेशी परताल याची खात्री पटली नाही असा अर्थ असतो, तो अर्ज तिथेच संपतो आणि पुन्हा प्रयत्न करायचा तर नवे शुल्क भरून नवा अर्ज करावा लागतो. स्क्रीनवर मात्र दोन्ही प्रकारच्या नकारांना `Refused` हा एकच शब्द दिसतो. आपण कोणत्या नकारात आहोत हे हातात दिलेल्या कागदावरून आणि अधिकाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांवरून ठरते, स्क्रीनवरून नाही. म्हणून तो कागद जपून ठेवावा आणि त्यावर कोणत्या कलमापुढे खूण केली आहे ते खिडकीवरून हलण्याआधी वाचावे, एवढे मी आवर्जून सांगेन. त्या कागदाच्या रंगावरूनही लोक तर्क करतात, पण रंगांची पद्धत प्रत्येक वकिलातीत आणि काळानुसार वेगळी असते. अर्थ मजकुरात असतो.

पहिल्या आठवड्यात मला तीन माणसांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. माझ्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी 2018 मध्ये याच चौकशीतून गेले होते. त्यांच्या स्क्रीनवर पाच महिने `Administrative Processing` हेच शब्द होते. माझ्या मामेभावाने त्याच वर्षी, म्हणजे 2023 मध्ये, मुलाखतीशिवाय एच-1बी व्हिसाचे नूतनीकरण केले होते आणि त्याला हेच शब्द जेमतेम दोन दिवस दिसले, मग `Issued` आले. “ताई, मलाही तेच आलं होतं, दोन दिवसांत सुटतं,” असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि माझ्यासोबत त्याच सकाळी रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीला माझ्यासारखेच `Refused` दिसत होते, ‘प्रोसेसिंग’ हा शब्द कुठेच नव्हता.

याचा उलगडा असा आहे. 2020 च्या सुरुवातीपर्यंत 221(जी) खाली चौकशीत असलेल्या अर्जांना ती वेबसाइट `Administrative Processing` असे दाखवत असे. तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रदर्शनाची पद्धत बदलली आणि कायद्यातील स्थिती जशी आहे तशी, म्हणजे `Refused`, दाखवायला सुरुवात केली. त्या शब्दाखाली जो परिच्छेद येतो तो शांतपणे वाचला तर त्यात हे लिहिलेलेच आहे: प्रशासकीय प्रक्रियेसाठी नकार दिल्याचे अधिकाऱ्याने तुम्हाला सांगितले असेल, तर ती प्रक्रिया चालू असेपर्यंत अर्ज नाकारलेलाच दिसेल आणि ती संपल्यावर पुन्हा निर्णय होईल. `Administrative Processing` हे शब्द अजूनही दिसतात, पण माझ्या आणि माझ्या परिचितांच्या अनुभवात ते बहुधा अर्ज वकिलातीच्याच टेबलावर असताना दिसतात: मुलाखतीविना आलेला अर्ज नुकताच उघडला आहे, किंवा निर्णय होऊन व्हिसा छापायला जाण्याच्या बेतात आहे. म्हणजे 2018 मधल्या माणसाच्या आणि 2023 मधल्या माणसाच्या स्क्रीनवर अक्षर न अक्षर तेच असले, तरी त्यांच्या फाइली वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. जुन्या अनुभवांवरून आपली स्थिती ताडताना ते कोणत्या वर्षाचे आहेत हे पाहिले नाही, तर सगळा हिशेब उलटा होतो.

`Refused` हा शब्द केवळ स्क्रीनवरचा नाही, हेही इथेच सांगते, कारण त्याचे परिणाम नंतर सोसावे लागतात. डीएस-160 मध्ये ‘तुम्हाला कधी अमेरिकी व्हिसा नाकारला गेला आहे का’ असा प्रश्न असतो. 221(जी) चा नकार नंतर मंजुरीत बदलला तरी पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागते आणि खाली एका वाक्यात खुलासा करावा लागतो. कॅनडा आणि ब्रिटन यांच्या अर्जांतही इतर देशांनी नाकारलेल्या व्हिसांविषयी विचारतात. तिथे ‘ते काही खरे नाकारणे नव्हते’ असे मनाशी ठरवून ‘नाही’ लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे ठरू शकते, आणि मूळ चौकशीपेक्षा ते कितीतरी महागात पडते. न्यायालयेही या शब्दाला वजन देतात. 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या डीसी सर्किट अपील न्यायालयाने अशाच विलंबाविरुद्धच्या एका दाव्यात म्हटले, की 221(जी) खालचा नकार दिल्यावर अधिकाऱ्याने अर्जावर निर्णय देण्याचे कर्तव्य पार पाडलेले आहे, आणि पुन्हा निर्णय अमुक वेळेत द्यावाच असे स्पष्ट बंधन त्याच्यावर नाही. दावा लावून प्रकरण हलवू, असा सल्ला देणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवे.

आता ती चौकशी म्हणजे काय. माझ्याकडे मागितलेली यादी अशी होती: सविस्तर परिचयपत्र, आतापर्यंतचे शोधनिबंध, पीएच.डी.चा नियोजित आराखडा, तिथल्या मार्गदर्शकांचे पत्र, निधी कोठून येणार याचा तपशील आणि आधीचा परदेश प्रवास. ही यादी हातात आली तेव्हा माझ्या इथल्या सरांनी ती पाहून लगेच सांगितले, “हे तुझ्याविषयी नाही, तुझ्या पदार्थाविषयी आहे.” कार्बन फायबरचे कॉम्पोझिट पवनचक्कीच्या पात्यांत जसे वापरतात तसे विमानांत आणि क्षेपणास्त्रांच्या मोटरच्या आवरणांतही वापरतात. अशा दुहेरी उपयोगाच्या ज्ञानाच्या निर्यातीवर अमेरिकेत निर्बंध आहेत आणि विद्यार्थ्याच्या डोक्यातून ते ज्ञान बाहेर जाणे हीही निर्यातच समजली जाते. म्हणून अशा विषयांतील अर्जांवर अधिकारी वॉशिंग्टनकडून सुरक्षाविषयक अभिप्राय मागवू शकतात. या प्रकारच्या तपासणीला व्हिसाज मँटिस असे नाव आहे आणि ती 1998 पासून चालू आहे. कोणते विषय संवेदनशील समजावेत याची जी यादी अधिकाऱ्यांना दिलेली असते, तिच्या 2002 च्या आवृत्तीत प्रगत पदार्थ, संवेदक आणि यंत्रमानवशास्त्र यांच्यासोबत नगररचनासुद्धा होती. त्यामुळे ‘माझा विषय तर निरुपद्रवी आहे’ हा युक्तिवाद मनाशीसुद्धा करण्यात अर्थ नसतो.

इथे मुख्य गोष्ट ही, की अभिप्राय मागवल्यावर काम वकिलातीच्या बाहेर चालते. परराष्ट्र खाते आणि इतर संस्था आपापल्या परीने तपासणी करतात, आणि त्या सगळ्यांकडून उत्तर येईपर्यंत वकिलातीतील फाइल जिथल्या तिथे असते. आपल्याला दिसणारी स्क्रीन ही वकिलातीतील फाइलची आहे. वॉशिंग्टनमध्ये कोणत्या टेबलावर काय चालले आहे हे दाखवणारा एकही रकाना तिच्यात नाही. त्यामुळे ज्या काळात खरोखर काम चालू असते नेमक्या त्याच काळात स्क्रीन गोठलेली असते, आणि तिच्या गोठलेपणावरून काम थांबले आहे असे म्हणता येत नाही.

किती दिवस लागतील, यावरूनही चौकशी किती गंभीर आहे याचा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेने 2004 मध्ये विज्ञान विषयातील विद्यार्थी आणि संशोधकांची मँटिस प्रकरणे तपासली, तेव्हा सरासरी 67 दिवस लागत असल्याचे आढळले. त्यामागची कारणे पाहिली तर संशय हे कारण मागेच पडते: खात्यांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि काही प्रकरणांत एका खात्याने पाठवलेली विनंती दुसऱ्याला मिळालीच नव्हती. पद्धत सुधारल्यावर त्याच संस्थेच्या 2005 च्या अहवालात हा काळ सुमारे 15 दिवसांवर आलेला दिसतो. तपासणी तीच, विषय तेच, अर्जदारही त्याच प्रकारचे. बदलली ती कागद पुढे सरकण्याची रीत. हे मी वाचले त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली, कारण तोपर्यंत उशीर म्हणजे माझ्याविषयी काहीतरी सापडले आहे, असे मी मनात धरून बसले होते.

मी 16 जूनला सगळी माहिती एकाच पीडीएफ फाइलमध्ये पाठवली. संशोधनाचा आराखडा लिहिताना सरांनी एक सूचना केली होती, ती फार उपयोगी पडली: परीक्षकासाठी लिहितेस तसे लिहू नकोस, ज्याला विषय ठाऊक नाही पण ज्याला निर्णय द्यायचा आहे त्याच्यासाठी लिही. म्हणून मी ‘उच्च सामर्थ्याचे प्रगत कॉम्पोझिट’ असा भारदस्त शब्दप्रयोग काढून टाकला आणि पाते किती वर्षे टिकते, रेझिनमध्ये भेगा कशा पडतात, चाचणी कोणत्या तापमानाला घेतात, हे साध्या इंग्रजीत लिहिले. काहीही लपवले नाही. विमानांतील उपयोगाचाही एका वाक्यात उल्लेख केला, कारण तो लपवण्यासारखा नव्हता आणि लपवला असता तर तेवढाच ठळक झाला असता.

19 जूनला `Case Last Updated` ची तारीख बदलली. यावरून एवढाच अर्थ निघतो, की कोणीतरी फाइलला हात लावला. बहुधा माझा ईमेल जोडला गेला असावा. त्यानंतर पाच आठवडे काहीच बदलले नाही. मग 27 जुलैला सकाळी पान उघडले तर तारीख त्याच दिवसाची होती. शब्द `Refused` हाच होता, माझ्याकडून काही गेले नव्हते, विद्यापीठानेही काही विचारले नव्हते. आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात असे ठामपणे सांगितले जात होते, की आपण काहीही न पाठवता तारीख बदलली म्हणजे अभिप्राय आला, आता आठवडाभरात व्हिसा. मी ते खरे मानले. माझा अभ्यासक्रम 21 ऑगस्टला सुरू होणार होता, तिकिटांचे दर रोज चढत होते, आणि त्याच संध्याकाळी मी 12 ऑगस्टचे न परतवण्याजोगे तिकीट काढले. आईने भाजणी दळून आणली, गोडा मसाला करून दोन थरांच्या पिशव्यांत बांधला, आणि बाबांनी बॅगांचे वजन करून पाहिले. व्हिसा हाती येईपर्यंत प्रवासाचे आरक्षण करू नये, हे वकिलातीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले असते आणि मी ते वाचलेही होते.

12 ऑगस्ट आला आणि गेला. तिकिटाचे पैसे गेले. 27 जुलैला ती तारीख का बदलली हे मला आजही ठाऊक नाही. नियमित आढावा असेल, फाइल एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली असेल, एखादी नोंद दुरुस्त झाली असेल. त्या रकान्यात ‘हात लागला’ एवढेच लिहिलेले असते, ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ हे नसते, आणि त्या दोन गोष्टींशिवाय त्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

त्याच गटाविषयी आणखी एक सांगायला हवे. आम्ही अकरा जण एका तक्त्यात आपापले दिवस भरत होतो. जुलैअखेर सहा जणांना व्हिसा मिळाला होता. त्यांना 12, 19, 21, 30, 41 आणि 51 दिवस लागले होते. कोणीतरी त्यांची सरासरी 29 दिवस अशी काढून वर ठळक अक्षरांत लिहिली, आणि नवा येणारा प्रत्येक जण तो आकडा घेऊन आपले वेळापत्रक आखू लागला. पण उरलेल्या पाच जणांची वाट पाहणे चालूच होते. त्यांचे त्या दिवसापर्यंत 34, 48, 63, 70 आणि 95 दिवस झाले होते, आणि सरासरीत त्यांचा एकही दिवस धरलेला नव्हता. ज्यांचे लवकर सुटले त्यांचाच आकडा पूर्ण होतो, म्हणून पूर्ण झालेल्यांची सरासरी सहसा खऱ्यापेक्षा कमी येते. अकराही जणांना चढत्या क्रमाने लावले तर मधल्या, म्हणजे सहाव्या, माणसाचे दिवस 41 पेक्षा कमी असूच शकत नाहीत, मग थांबलेल्या पाचांचे पुढे काहीही होवो. म्हणजे 29 हा आकडा धरून बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची निराशा ठरलेलीच होती. मी हे गटात लिहिले. एका मुलाने विचारले, “मग ताई, माझे किती दिवस धरू?” मी त्याला सांगितले, की तारीख धरूच नकोस, विद्यापीठ उशिरा येण्याची मुभा शेवटी कोणत्या दिवसापर्यंत देते ते विचार आणि त्या दिवसाला काय करायचे ते आजच ठरव.

हे शहाणपण मला स्वतःला उशिरा आले होते. माझ्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील बाईंनी 1 सप्टेंबर ही शेवटची तारीख दिली होती. तोपर्यंत व्हिसा आला नाही, म्हणून त्यांनी माझा प्रवेश जानेवारी 2024 च्या सत्रावर ढकलला. सेव्हिस या नोंदप्रणालीतील माझा क्रमांक तोच राहिला, त्यामुळे 350 डॉलरचे शुल्क पुन्हा भरावे लागले नाही, पण नव्या तारखेचा आय-20, म्हणजे विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र, काढावा लागला. तो 6 सप्टेंबरला मिळाला आणि 7 ला मी तो वकिलातीला पाठवला. हे पाऊल अनेक जण विसरतात. अभिप्राय येऊनही फाइलमधील आय-20 वर अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख उलटून गेलेली असेल, तर अधिकाऱ्याला त्यावर व्हिसा देता येत नाही, आणि मग आधीच लांबलेल्या प्रतीक्षेत आणखी एक पत्रव्यवहार वाढतो. चौकशी लवकर संपवणे अर्जदाराच्या हातात नसते. ती संपेल त्या क्षणी फाइलमधले कागद ताजे असणे मात्र त्याच्याच हातात असते. ज्यांच्या 221(जी) च्या कागदावर केवळ एखादा दस्तऐवज मागितलेला असतो त्यांची स्थिती याहून वेगळी आहे: तिथे तो दस्तऐवज जाईपर्यंत काहीच हलत नाही, आणि नकाराच्या तारखेपासून एका वर्षात तो दिला नाही तर नवा अर्ज आणि नवे शुल्क लागते.

8 सप्टेंबरला `Case Last Updated` बदलली. यावेळी मी आईला काही सांगितले नाही. नव्या आय-20 ची नोंद झाली असणार, एवढेच वहीत लिहिले. मधल्या काळात मी दोन वेळा ईमेलने चौकशी केली आणि दोन्ही वेळा ठरावीक शब्दांत उत्तर आले, की प्रक्रिया चालू आहे आणि ती घाईने करता येत नाही. त्या उत्तरावरून काही निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, काढू नये. उत्तर देणाऱ्याच्या समोरही बहुतेक वेळा तेवढीच माहिती असते.

गणपती बसले आणि उठले. 3 ऑक्टोबरला, मुलाखतीपासून 112 व्या दिवशी, पासपोर्ट जमा करा असा ईमेल आला. मी लगेच पान उघडून पाहिले: `Refused`, आणि तारीख 8 सप्टेंबर. ज्या ईमेलची मी सोळा आठवडे वाट पाहत होते तो हातात असताना स्क्रीन अजून जुनेच सांगत होती. 5 ऑक्टोबरला पासपोर्ट दिला. 11 ऑक्टोबरला सकाळी स्क्रीनवर पहिल्यांदाच `Administrative Processing` हे शब्द आले. प्रत्यक्ष प्रक्रिया चालू होती त्या 112 दिवसांत ते एकदाही दिसले नव्हते, आणि आता, सगळे संपल्यावर, एका दिवसासाठी आले. 12 तारखेला `Issued` झाले. हा एकच शब्द असा आहे की ज्यावर तिकीट काढावे, आणि तेसुद्धा पासपोर्ट हाती घेऊन त्यावरील नाव, जन्मतारीख आणि सेव्हिस क्रमांक तपासल्यावर.

पासपोर्ट घेऊन मी बाहेर पायरीवर बसले आणि व्हिसाचे पान उघडले. तळाशी, जिथे विद्यापीठाचे नाव असते, तिथे आणखी एक छोटी ओळ छापलेली होती: CLEARANCE RECEIVED, आणि पुढे 14 सप्टेंबरची तारीख. सर्वांच्याच व्हिसावर अशी ओळ नसते, माझ्यावर होती. घरी येऊन मी नोंदवही काढली आणि तो दिवस शोधला. 14 सप्टेंबर, गुरुवार, पोळा. स्क्रीन तीनदा पाहिली: सकाळी सात, दुपारी दीड, रात्री अकरा. तिन्ही ओळींत एकच नोंद होती: `Refused`, 8 सप्टेंबर, बदल नाही.